स्पेसरमधून पंप देताना औषध नेमकं कुठे हरवतं?

प्रश्न: माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे. बाळदमा म्हणून डॉक्टरांनी मास्क लावलेल्या स्पेसरमधून रोज सकाळ-संध्याकाळ ब्युडेसोनाइडचा एकेक पफ आणि धाप लागली तर साल्ब्युटामॉल द्यायला सांगितलंय. मास्क जवळ नेला की तो आकांत करतो, मग मी आणि सासूबाई मिळून धरून कसंबसं देतो. दोन महिने झाले, रात्रीचा खोकला तसाच आहे. औषध आत जातंय की नाही कसं ओळखायचं? त्यापेक्षा नेब्युलायझर घेऊ का?

उत्तर:

मशीन घेऊ नका आणि डोसही स्वतःहून वाढवू नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला वाटतं की औषध बरोबर आहे, पण ते छातीपर्यंत फारच थोडं पोचतंय. पहिला संशय रडण्यावर आहे. बाकीच्या शक्यताही सांगते, कारण बाहेरून सगळं ठीक दिसत असतानाही स्पेसरमध्ये औषध वाया जाऊ शकतं.

आधी स्पेसरचं काम समजून घ्या, म्हणजे पुढच्या प्रत्येक सूचनेमागचं कारण तुमचं तुम्हालाच कळेल. पंप दाबला की फवारा फार वेगाने बाहेर येतो आणि त्यातले थेंब मोठे असतात. थेट तोंडात मारला तर मोठ्या माणसाचंसुद्धा बरंचसं औषध घशाच्या मागच्या भिंतीवर आपटतं आणि गिळलं जातं. स्पेसरच्या नळीत फवाऱ्याचा वेग मंदावतो, त्यातला उडणारा वायू निघून जातो, थेंब बारीक होतात आणि जे मोठे राहतात ते नळीतच बसतात. उरलेली बारीक धूळ श्वासनलिकांमध्ये उतरण्याजोगी असते, पण ती नळीत काही सेकंदच तरंगते. तेवढ्या वेळात मुलाने मास्कमधून शांतपणे काही श्वास घेतले की झालं. दाबणं आणि ओढणं एकाच क्षणी जुळवण्याची गरज नाही, म्हणूनच इतक्या लहान मुलाला हे साधन देतात. त्याच्या वाट्याला एकच काम येतं: नेहमीसारखा श्वास घेत राहणं.

रडताना नेमकं तेच होत नाही. “रडतो तेव्हा जोरात श्वास घेतो, म्हणजे औषध जास्तच जात असेल” हे मी आयांकडून, आज्यांकडून ऐकते, आणि अधूनमधून दवाखान्यात काम करणाऱ्यांकडूनसुद्धा. प्रत्यक्षात रडणं म्हणजे लांबलचक उच्छ्वास आणि मध्येच एक तुटक, जोराचा हुंदका. उच्छ्वासाच्या वेळी झडप बंद असते, त्यामुळे काहीच आत येत नाही. हुंदक्याच्या वेळी हवा इतक्या वेगाने ओढली जाते की औषध वळणं घेत खाली उतरण्याऐवजी घशावरच आपटतं. शिवाय मूल डोकं हलवतं आणि मास्क गालावरून निसटतो. अशा डोसातलं छातीत जे पोचतं ते शांत मुलाच्या तुलनेत अगदीच किरकोळ असतं. तुमचे दोन महिने बहुधा असेच गेले आहेत. बाळ झोपल्यावर द्यावं असंही काही जण सुचवतात. ते जमलं तर ठीक, पण मास्क चेहऱ्याला टेकताच बरीच मुलं जागी होतात आणि दचकून जास्तच रडतात, म्हणून त्यावर भिस्त ठेवू नका.

रडणं थांबवायला थोडे दिवस लागतील. स्पेसर कपाटात ठेवून दिवसातून दोनदा अचानक बाहेर काढायचा, हे आधी बंद करा. पंप काढून घ्या आणि नुसता स्पेसर-मास्क त्याच्या खेळण्यांत राहू द्या. बाहुलीला लावू दे, आजीला लावू दे, तुम्ही स्वतःच्या तोंडाला लावून श्वास घेऊन दाखवा आणि झडपेची पापणी कशी हलते ते त्याला बघू दे. या वयाच्या मुलांना ती हलणारी पापणी फार आवडते. मग पंप न लावता मास्क त्याच्या चेहऱ्याला टेकवा आणि त्याच्यासोबत मोठ्याने मोजा. आधी दोन श्वास, दुसऱ्या दिवशी चार, मग सहा. मोजणी ठरलेल्या आकड्यावर संपते आणि मास्क निघतो याची खात्री पटली की मुलं बरीच सैलावतात. त्यांना मास्कपेक्षा तो कधी निघणार हे न कळण्याची भीती जास्त असते. पंपाच्या ‘फुस्स’ आवाजालाही काही मुलं दचकतात. नवा पंप वापरायला काढताना सुरुवातीचे फवारे हवेत मारायचे असतातच (किती ते आतल्या चिठ्ठीत दिलेलं असतं, साधारण दोन ते चार), ते त्याच्या समोर मारा. या काळात मोबाइलवर गाणं लावलंत तरी मी काही बोलणार नाही, फक्त ते गाणं पंपाच्या वेळेपुरतंच ठेवा.

हा सराव चालू असताना ब्युडेसोनाइड बंद करायचं नाही. डोसाच्या वेळी रडायला लागला तर मास्क काढा, कडेवर घ्या, शांत झाला की पुन्हा लावा. हे औषध सूज हळूहळू उतरवतं, त्यामुळे आठऐवजी साडेनऊला दिलं म्हणून काही बिघडत नाही. धाप लागलेली असताना साल्ब्युटामॉल द्यायचं असेल तेव्हा मात्र वाट पाहायची नाही. तेव्हा रडत असला तरी नीट धरून, मास्क घट्ट टेकवून द्यावंच लागतं.

आता बसवण्याबद्दल. आडवं झोपवून देऊ नका. तुम्ही खुर्चीत बसा आणि त्याला मांडीवर असं घ्या की त्याची पाठ तुमच्या छातीला टेकेल आणि तोंड समोर राहील. डोकं तुमच्या छातीवर सरळ टेकलेलं असू दे. मान मागे फार वाकलेली नको आणि हनुवटी छातीत रुतलेलीही नको. एक हात त्याच्या दोन्ही हातांवरून हलकेच वेढलात की दुसऱ्या माणसाची गरज बहुतेक वेळा उरत नाही. सासूबाईंना समोर बसून मोजायचं काम द्या. दोन मोठी माणसं अंगावर ओणवी झाली की मूल घाबरतंच.

मास्कने नाक आणि तोंड दोन्ही पूर्ण झाकलं पाहिजे. वरची कड नाकाच्या मुळाशी हवी, डोळ्यांना लागता कामा नये. खालची कड ओठ आणि हनुवटीच्या मधल्या खळगीत बसायला हवी. मोठा मास्क हनुवटीखाली लोंबतो, छोटा नाकपुड्या दाबतो, आणि दोन्हींत फट राहते. फट किती महत्त्वाची आहे हे पालकांना सहसा पटत नाही. मास्क आणि गालामध्ये अगदी बारीक जागा राहिली तरी मूल तिथूनच हवा ओढतं, कारण झडप उघडायला लागणाऱ्या जोरापेक्षा ती वाट सोपी असते. मग नळीतलं औषध नळीतच राहतं. मास्क चेहऱ्यापासून बोटभर लांब धरून “वास तरी जाईल” या आशेवर दिलेला पफ जवळजवळ हवेत गेला असं समजा. मास्क टेकवताना हळुवार टेकवा, पण कड सगळीकडून त्वचेला लागलेली असू दे. अंगठा आणि तर्जनीने मास्कच्या गळ्याजवळ धरून बाकीची बोटं हनुवटीखाली आधाराला ठेवलीत की मुलाने डोकं फिरवलं तरी मास्क त्याच्यासोबत फिरतो.

प्रत्यक्ष डोस असा द्या. पंपाचं टोपण काढून तोंडात डोकावून बघा. हे मी उगाच सांगत नाही. पिशवीत टोपणाशिवाय फिरणाऱ्या पंपात शेवेचे तुकडे आणि छोटं नाणं सापडलेलं मी पाहिलंय. पंप चांगला हलवा. आतलं औषध द्रवात मिसळून तरंगत असतं, ते खाली बसलं तर एका पफात कमी आणि दुसऱ्यात जास्त येतं. डबी वर आणि तोंड खाली असा उभा धरून तो स्पेसरच्या मागच्या रबरात बसवा. आता पंप न दाबता मास्क चेहऱ्याला लावा. एक-दोन श्वास जाऊ दे, झडप हलताना दिसू दे, आणि मगच एकदा दाबा. आधी दाबून मग मास्क लावायला गेलात तर तेवढ्या वेळात औषध नळीच्या भिंतीवर बसायला लागतं. दाबल्यावर मास्क तसाच ठेवून पाच ते दहा श्वास मोजा. तुमच्या मुलाचा एकेक श्वास छोटा असल्यामुळे मी दहाच मोजायला सांगेन. त्याला साधारण पंधरा-वीस सेकंद लागतात.

दोन पफ द्यायचे असतील तर दोन्ही एकदम दाबायचे नाहीत. एकामागोमाग मारलेले फवारे नळीत एकमेकांत मिसळून थेंब मोठे होतात आणि भिंतीवर बसतात, त्यामुळे दोन पफ मारूनही दोन पफांएवढं औषध मिळत नाही. एक पफ, दहा श्वास, मास्क काढून अर्धा मिनिट विश्रांती, पंप पुन्हा हलवून दुसरा पफ. ब्युडेसोनाइडनंतर मास्कखालचा चेहरा ओल्या फडक्याने पुसा आणि त्याला पाणी पाजा. त्याहून सोपं म्हणजे डोस दात घासण्याच्या आधी ठेवा. तोंडात राहिलेल्या स्टेरॉइडमुळे काही मुलांच्या जिभेवर, गालाच्या आत पांढरे बुरशीचे चट्टे येतात, ते यामुळे टळतात.

औषध आत जातंय का हे ओळखायच्या खुणा तुमच्या डोळ्यांसमोरच असतात. प्रत्येक श्वासाला झडपेची पापणी उघडमिट करायला हवी. ती हलत नसेल तर मास्कला फट आहे, मूल श्वास रोखून बसलंय किंवा झडप चिकटली आहे. दाबल्यावर मास्कच्या कडेने, विशेषतः नाकाच्या बाजूने डोळ्यांकडे धुक्यासारखं काही निघताना दिसलं तर मास्क नीट बसलेला नाही. काही स्पेसरना शिट्टी असते. ती वाजली की छान ओढलं असा अनेकांचा समज असतो, पण तिचा अर्थ उलटा आहे: श्वास फार जोरात घेतला जातोय. तोंडाला चव आली किंवा मूल खोकलं यावरून मात्र काही ठरवू नका. चव येते ती घशात पडलेल्या औषधाची.

पुढचा मुद्दा बहुतेक घरांत कुणी सांगितलेलाच नसतो. प्लास्टिकच्या नळीवर स्थिर वीज साठते आणि केसांतून फिरवलेल्या कंगव्याला कागदाचे कपटे चिकटतात तशी औषधाची बारीक धूळ आतल्या भिंतीला चिकटते. नवाकोरा, खोक्यातून काढलेला स्पेसर यात सगळ्यात वाईट. कोरड्या फडक्याने आतून पुसलेला स्पेसरही तसाच, कारण घासण्यानेच ती वीज तयार होते. उपाय साधा आहे. स्पेसरचे भाग सुटे करा, कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाका आणि पाव तास बुडवून ठेवा. आत ब्रश किंवा घासणी घालू नका. बाहेर काढल्यावर नळी साध्या पाण्याने विसळायची नाही. पाणी झटकून उभी ठेवा आणि सावलीत आपोआप वाळू द्या. साबणाचा जो पातळ थर राहतो तोच वीज साठू देत नाही. तो थर मुलाच्या पोटात जाईल म्हणून घरोघरी नळी नळाखाली धरली जाते आणि सगळं मुसळ केरात जातं. तोंडाला लागणारा मास्क तेवढा ओल्या फडक्याने पुसून घ्या. नवा स्पेसर वापरायच्या आधी एकदा आणि पुढे महिन्यातून एकदा तरी असं धुवा. कंपनीच्या चिठ्ठीत आठवड्याला सांगितलं असेल तर आठवड्याला. ज्या स्पेसरवर वीज साठत नाही असं लिहिलेलं असतं त्यांना ही अडचण कमी येते, पण त्यांचीही झडप वेळोवेळी बघावी लागते. पापणी वाकली, कडक झाली किंवा पूर्ण मिटेनाशी झाली की स्पेसर बदला.

पंपाचं प्लास्टिकही अधूनमधून धुवावं लागतं, विशेषतः साल्ब्युटामॉलचं, कारण त्याच्या बारीक भोकाशी पांढरी पूड साचते. धातूची डबी बाहेर काढा, नुसतं प्लास्टिक वाहत्या कोमट पाण्याखाली धरा आणि पूर्ण वाळवूनच डबी परत बसवा. डबी पाण्यात घालू नका.

डबीवरून एक उदाहरण सांगते. साडेतीन वर्षांची एक मुलगी, साताऱ्याकडची. तिलाही ब्युडेसोनाइड १०० मायक्रोग्रॅम, सकाळी एक आणि रात्री एक पफ. १ जूनला सुरू केलं, पावसाळाभर छान राहिली, गणपतीत पाहुण्यांच्या गर्दीतही काही झालं नाही. ऑक्टोबरच्या मध्याला पहाटेचा खोकला परत आला आणि पळताना दम लागायला लागला. घरात चर्चा नेब्युलायझरचीच चालू होती. मी तिच्या आईला सांगितलं, घरी देता तसं माझ्यासमोर द्या, मी मध्ये बोलणार नाही. आईचा हात उत्तम होता. मुलगी मांडीवर शांत, मास्क पक्का, पंप हलवलेला, एक पफ, दहा श्वास, झडप दर वेळी हलत होती. त्यात सांगण्यासारखं काहीच नव्हतं.

मग मी स्पेसर हातात घेतला. आरशासारखा लखलखीत होता. आजी तो रोज रात्री नळाखाली धुऊन मऊ पंचाने आतून पुसत असत. म्हणजे रोज सकाळी नळी नव्याने औषध ओढून घ्यायला तयार. नंतर पंप कधीचा म्हणून विचारलं, तर तोच, जूनचा. खोक्यावर २०० डोस असं छापलेलं होतं आणि या पंपाला आकडा दाखवणारी खिडकी नव्हती. दिवसाला दोन पफ, म्हणजे २०० डोस १०० दिवस पुरणार. जूनचे ३०, जुलैचे ३१, ऑगस्टचे ३१ मिळून ९२ होतात, म्हणजे पंप ८ सप्टेंबरला संपला, सुरुवातीचे हवेत मारलेले फवारे धरले तर त्याच्याही एक-दोन दिवस आधी. तरी ऑक्टोबरमध्ये दाबल्यावर फुस्स आवाज येत होता आणि धूर दिसत होता. मोजलेले डोस संपल्यावरही डबीत उडणारा वायू बराच काळ शिल्लक राहतो, पण त्यातलं औषध भरवशाचं नसतं. खोकला लगेच न येता महिनाभराने आला, कारण आधी उतरलेली सूज हळूहळूच परत चढते. डोसात मी काहीही बदल केला नाही. नवा पंप, साबणाच्या पाण्यात बुडवून न विसळता वाळवलेला स्पेसर आणि पुसायचं फडकं बंद, एवढंच. पुढच्या भेटीला, साधारण महिन्याने, पहाटेचा खोकला गेलेला होता.

तुमचा पंप उघडलात त्या दिवशीची तारीख आणि संपण्याची तारीख मार्करने डबीच्या बाहेरच्या प्लास्टिकवर लिहून ठेवा. खोक्यावरचा आकडा वाचूनच हिशेब करा, सगळे पंप २०० चे नसतात. डबी पाण्यात टाकून तरंगते का बघायची जुनी युक्ती सोडून द्या. तिने काही कळत नाही, उलट झडपेत पाणी जातं. हलवून अंदाज घेण्यातही अर्थ नाही. साल्ब्युटामॉल कधीमधी लागतं, त्याचा हिशेब ठेवणं कठीण, म्हणून त्याचा एक बंद पंप घरात जादा असलेला बरा. दोन्ही पंप रंगावरून ओळखू नका, नाव वाचा. कंपनी बदलली की रंगही बदलू शकतो, आणि धाप लागलेल्या मुलाला ब्युडेसोनाइड देत बसलात तर त्या वेळी आराम मिळत नाही.

नेब्युलायझरबद्दल. साध्या आणि मध्यम दम्याच्या झटक्यात स्पेसरमधून दिलेलं साल्ब्युटामॉल नेब्युलायझरइतकंच काम करतं, हे मुलांवरच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. मशीनला आठ-दहा मिनिटं लागतात, वीज लागते, त्याचा कप दर वेळी धुवावा लागतो, आणि त्यालाही मास्कच असतो. एक मिनिट मास्क न ठेवणारं मूल दहा मिनिटं ठेवेल असं मला तरी वाटत नाही. मग आई झोपलेल्या बाळाच्या नाकापुढे नळी धरून बसते, आणि तेही हवेतच जातं. रुग्णालयात मोठ्या झटक्याला ऑक्सिजनवर नेब्युलायझर लावतात, ती गोष्ट वेगळी. ‘वाफ’ या शब्दामुळे अनेकांना हे गरम पाण्याच्या वाफेसारखं काहीतरी वाटतं. गरम पाण्याची वाफ दम्यात उपयोगाची नाही आणि या वयात भाजण्याचा धोका खरा आहे.

घरात कुणी “पंप नको, सवय लागेल, त्यापेक्षा सिरप द्या” म्हणत असेल तर हा हिशेब दाखवा. साल्ब्युटामॉलचं नेहमीचं सिरप ५ मिलीत २ मिलिग्रॅम असतं. अर्धा चमचा, म्हणजे अडीच मिली दिलं तर १ मिलिग्रॅम, अर्थात १००० मायक्रोग्रॅम पोटात जातं आणि रक्तावाटे अंगभर फिरतं. पंपाच्या एका पफात १०० असतात. दहा पफांएवढं औषध देऊनही सिरप सावकाश काम करतं आणि हातपाय थरथरणं, छातीत धडधडणं जास्त होतं.

मुलगा साधारण चार वर्षांचा झाला की मास्क काढून तोंडात धरायच्या नळीवर जाता येईल. मास्कमधून मूल बरंचसं नाकाने ओढतं आणि नाक औषध गाळून घेतं, म्हणून जमेल तेव्हा हा बदल करावा. तयार आहे का हे बघायला नळी दातांच्या मध्ये धरून ओठ मिटायला सांगा आणि पंप न लावता श्वास घेऊ द्या. झडप हलली तर जमतंय. जीभ भोकावर ठेवणं आणि नळी चघळत राहणं या दोन सवयी पहिले काही दिवस हमखास दिसतात. आजारपणात जमेनासं झालं तर तेवढ्यापुरता पुन्हा मास्क लावायला हरकत नाही.

पुढच्या भेटीला मुलासोबत स्पेसर आणि दोन्ही पंप घेऊन जा आणि डॉक्टरांसमोर डोस देऊन दाखवा. पद्धत नीट झाल्यावर, शांतपणे, एकही दिवस न चुकवता दिलेल्या औषधाला सहा-आठ आठवडे द्या. तरीही रात्रीचा खोकला तसाच राहिला तर डोस वाढवण्याआधी निदानच पुन्हा तपासून घ्यायला हवं. या वयात प्रत्येक घरघर दमा नसते. खाताना किंवा खेळताना अचानक ठसका लागून खोकला सुरू झाला होता का, हे आठवून डॉक्टरांना जरूर सांगा. श्वासनलिकेत अडकलेला शेंगदाणा आठवडेच्या आठवडे दम्यासारखा भासतो आणि तो कुठल्याच पंपाने निघत नाही.

शेवटी झटक्याच्या वेळचं. डॉक्टरांनी लिहून दिलेला आराखडा असेल तर तोच पाळा. नसेल तर सर्वसाधारण पद्धत अशी: साल्ब्युटामॉल १०० मायक्रोग्रॅमचे दोन पफ, वर सांगितलं तसे एकेक करून, आणि मुलाला शांत बसवून लक्ष ठेवणं. आराम नसेल तर वीस मिनिटांनी पुन्हा दोन, आणखी वीस मिनिटांनी पुन्हा दोन. पहिल्या दोन तासांत सहापेक्षा जास्त पफ लागले, किंवा आराम पडूनही मूल दिवसभरात पूर्ववत झालं नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. श्वास घेताना बरगड्यांमधली किंवा गळ्याखालची जागा आत ओढली जात असेल, धापेमुळे बोलता किंवा पिता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, किंवा मूल सुस्तावून जात असेल, तर वीस मिनिटांचा हिशेब करत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा गाडी काढा, मुलाला आडवं न करता मांडीवर बसतं ठेवा, आणि रुग्णालयात पोचेपर्यंत वाटेतही मास्क लावून एकेक पफ देत राहा.